पाचशे फुटांचं बोअर घेण्याआधी

दादा, पाचशे फुटांचा बेत करण्याआधी आपला काळा पाषाण समजून घ्या. वरचा मुरूम आणि भेगाळलेला खडक हा मुक्त जलधर, म्हणजे वर झाकण नसलेला, पाणी धरून ठेवणारा थर. पाऊस थेट त्यात मुरतो, विहिरीला पाणी त्याचंच. खाली लाव्हाच्या दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यात, वर घट्ट खडकाचं झाकण असेल, तर पाणी दाबाखाली असतं. हा बंदिस्त जलधर. ओळखायची खूण सोपी: पाणी १८० फुटांवर लागलं आणि चढून ६० फुटांवर थांबलं, तर ते दाबाचं पाणी.

पण चढलेलं पाणी म्हणजे भरपूर पाणी नव्हे. त्या पट्ट्यात नवं पाणी फार हळू झिरपतं. सुरुवातीला धो धो चालणारं बोअर उन्हाळ्यात गुळण्या टाकतं ते म्हणूनच. आणखी खोल गेलं की वरच्या वजनाने भेगा मिटत जातात. मशीनमधून कोरडी काळी भुकटीच येत राहिली, तर पुढचा प्रत्येक फूट बहुधा फुकट. गाडीवाल्याला फुटावर पैसे मिळतात, तो ‘अजून शंभर’ म्हणणारच! आणि केसिंग खोलवर ठोकलं, तर वरचं हक्काचं पाणीही बंद होतं.