वहीतली छापा-काट्याची ओळ: खरी की मनाने लिहिलेली?

सोलापूरला शिकवणीत घरून २० वेळा नाणं उडवून निकाल लिहून आणायला सांगितले होते. एका मुलाच्या वहीचा फोटो टाकलाय (छ = छापा, क = काटा). हे खरंच उडवून लिहिलंय का?

```
छ क छ छ क छ क छ क क
छ क छ क छ छ क छ क क
```

मला तरी हे मनाने लिहिलेलं वाटतं, कारण यात अदलाबदल फार आहे. रन टेस्टमध्ये सलग सारख्या निकालांचा प्रत्येक गट म्हणजे एक रन. इथे छापे १०, काटे १० आणि रन १६ आहेत. अपेक्षित रन २×१०×१०÷२० + १ = ११, प्रमाण विचलन साधारण २.१८. म्हणजे आपण ५ रनांनी, जवळजवळ २.३ विचलनं वर आहोत. १०-१० साठी ५ टक्के पातळीवर ६ किंवा कमी, १६ किंवा जास्त रन आले तर ओळ संशयास्पद धरतात. हाताने लिहिणारा सलग तीन छापे लिहायला कचरतो. इथे तिघांचा एकही गट नाही, तेच खटकतं.

पण त्या मुलाला बोलण्याआधी लिहिण्याचा क्रम नक्की विचारा. त्याने वरून खाली, जोडीजोडीने लिहिलं असेल तर हीच अक्षरं ८ रन देतात, आणि त्यात संशयाला जागा नाही.