पेशीश्वसनाच्या संकल्पनाचित्रातला प्रत्येक बाण खरा आहे का, हे कसं तपासायचं?

प्रश्न: दहावीला विज्ञान शिकवतो. पेशीश्वसनावर मुलांकडून संकल्पनाचित्र काढून घेतलं. चौकटी सगळ्यांच्या ठीक आहेत, बाणांवर शब्दही लिहिलेत, पण ते बाण खरे आहेत की नुसतेच काढलेत हे कसं तपासू? शिवाय मराठीत ती वाक्यं धड वाचताच येत नाहीत, त्याचं काय करायचं?

उत्तर:

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सुटला की पहिला बराच सोपा होतो.

संकल्पनाचित्राची पद्धत 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. मुलांच्या मुलाखतींतून त्यांना विज्ञानातलं नेमकं काय कळलंय हे शोधायचं होतं. या पद्धतीत मोजायची गोष्ट चौकट नसून विधान असते, म्हणजे दोन चौकटी आणि मधला बाण मिळून होणारं एक वाक्य. इंग्रजीत क्रियापद मधे येत असल्यामुळे चौकट, बाण, चौकट असं ओळीने वाचलं की वाक्य तयार होतं. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं आणि विभक्ती नामाला चिकटते. म्हणून ‘ग्लायकोलायसिस – घडते – पेशीद्रव्य’ असं वाचलं की मुलं अडखळतात, आणि एकदा वाक्य मोडलं की ते खरं की खोटं याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

मी वर्गात एक नियम ठरवून दिला आहे. आधी बाण जिथून निघतो ती चौकट वाचायची, मग तो जिथे पोचतो ती, आणि शेवटी बाणावरचे शब्द. दुसऱ्या चौकटीला लागणारा प्रत्यय बाणावरच लिहायचा:

ग्लायकोलायसिस → (–त घडते) → पेशीद्रव्य

हे वाचायचं ‘ग्लायकोलायसिस पेशीद्रव्यात घडते’ असं. पहिल्या चौकटीला प्रत्यय लावायचा नाही. सामान्यरूप मुलं तोंडाने आपोआप करतात, ते शिकवावं लागत नाही. या नियमाचा आणखी एक फायदा असा, की बाणाची दिशा चुकली तर लगेच कानाला कळतं. ‘ग्लुकोज → (–पासून तयार होते) → पायरुविक आम्ल’ असं बरीच मुलं लिहितात, कारण त्यांच्या डोक्यात प्रक्रिया त्या दिशेने जाते. वाचलं की मात्र ‘ग्लुकोज पायरुविक आम्लापासून तयार होते’ असं निघतं. आपल्या यकृतात तसंही घडतं, पण ती वेगळी प्रक्रिया आहे आणि या पाठात ते विधान चूकच. दिशा तीच ठेवायची असेल तर बाणावर ‘–मध्ये रूपांतरित होते’ हवं.

आता खरेपणाचं. तपासायला बसण्याआधी चित्राच्या डोक्यावर विषयाऐवजी प्रश्न लिहून घ्या. ‘पेशीश्वसन’ या शीर्षकाखाली काहीही खपतं. ‘ग्लुकोजमधली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात कशी येते?’ या प्रश्नाखाली प्रत्येक बाणाला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. चौकटी बारा-पंधरापेक्षा जास्त होऊ देऊ नका.

मग पोकळ बाण काढून टाका. ‘संबंधित आहे’, ‘महत्त्वाचे आहे’, ‘साठी’, ‘यात येते’ हे शब्द कधी खोटे ठरूच शकत नाहीत, म्हणून ते काही सांगतही नाहीत. ओळखायची सोपी खूण म्हणजे बाण उलटा करून वाचणं. ‘एटीपी ऊर्जेशी संबंधित आहे’ आणि ‘ऊर्जा एटीपीशी संबंधित आहे’ ही दोन्ही सारखीच बरोबर वाटतात. उलटवूनही वाक्याला काहीच फरक पडला नाही, तर त्या बाणाचा शब्द बदलायला सांगा.

यानंतर उरतात ती वाक्यं ऐकायला व्यवस्थित असतात, आणि खऱ्या चुका त्यांच्यातच दडलेल्या असतात. पेशीश्वसनात हमखास सापडणारी तीन सांगते.

पहिलं: ‘ऑक्सिजनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होते.’ माझ्या वर्गात हे जवळजवळ दरवर्षी येतं. मुलं लहानपणापासून ‘श्वासावाटे ऑक्सिजन घेतो, उच्छ्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतो’ हे ऐकत आलेली असतात, त्यामुळे मधे एक बाण आपोआप उगवतो. इथे मुलांना एकच प्रश्न विचारायचा: अणू कुठून आले आणि कुठे गेले? ग्लुकोजमध्ये कार्बनचे सहा अणू. ग्लायकोलायसिसनंतर पायरुविक आम्लाचे दोन रेणू मिळतात, प्रत्येकात तीन कार्बन. त्यांचं ॲसेटिल-को-एन्झाइम-ए होताना दोन कार्बन कार्बन डायऑक्साइड म्हणून बाहेर पडतात आणि उरलेले चार क्रेब चक्रात. सहाच्या सहा कार्बनचा हिशोब लागला आणि त्यात श्वासातल्या ऑक्सिजनची गरज कुठेच पडली नाही. तो ऑक्सिजन शेवटी, इलेक्ट्रॉन वहन साखळीच्या टोकाला, इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन आयन घेतो आणि त्याचं पाणी होतं. म्हणून दुरुस्त चित्रात एका बाणाचे दोन होतात:

ऑक्सिजन → (–च्या शेवटी इलेक्ट्रॉन स्वीकारतो) → इलेक्ट्रॉन वहन साखळी

ऑक्सिजन → (–मध्ये रूपांतरित होतो) → पाणी

दुसरं: ‘ग्लुकोजचे एटीपीमध्ये रूपांतर होते.’ इथेही अणूंचाच प्रश्न कामाला येतो. एटीपी तयार होतं ते एडीपीला फॉस्फेट जोडून. ग्लुकोजकडून येते ती हे जोडकाम करायला लागणारी ऊर्जा. पदार्थाचा बाण आणि ऊर्जेचा बाण एकमेकांत मिसळले की हे वाक्य जन्माला येतं. मी मुलांना दोन रंगांची पेनं वापरायला लावते. निळा बाण असेल तिथे पहिल्या चौकटीतले अणू दुसऱ्या चौकटीत गेले पाहिजेत, लाल बाण असेल तिथे फक्त ऊर्जा किंवा इलेक्ट्रॉन जातात. ग्लुकोजकडून एटीपीकडे निळा बाण काढायची वेळ आली की मूल स्वतःच थांबतं.

तिसरं: ‘पेशीश्वसन तंतुकणिकेत घडते.’ यावर वाद घालायला मजा येते, कारण हे अर्धं खरं आहे. ग्लायकोलायसिस बाहेर, पेशीद्रव्यात होतं. ऑक्सिश्वसन करणाऱ्या जिवाणूंना तर तंतुकणिका नसतातच. माणसाच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशींतही त्या नसतात, आणि त्या पेशी ग्लायकोलायसिसवर भागवतात. अशा वाक्यासमोर ‘चूक’ न लिहिता ‘कोणता टप्पा? कुणाच्या पेशीत?’ असं लिहा. उत्तर बहुतेक वेळा चौकट फोडण्यात मिळतं. ‘पेशीश्वसन’ या मोठ्या चौकटीतून तीन टप्पे वेगळे काढले, की प्रत्येकाचं ठिकाण त्याच्या त्याच्या बाणाने सांगता येतं, आणि वरती ‘दृश्यकेंद्रकी पेशीत’ एवढी अट टाकली की वाक्यं टिकतात. ‘विनॉक्सिश्वसनात अल्कोहोल तयार होते’ याचंही तसंच. किण्व पेशीत ते खरं आहे, पण धावताना दमलेल्या स्नायूत तयार होतं ते लॅक्टिक आम्ल.

या तपासणीतून एक चूक मात्र निसटते, ती लक्षात असू द्या. ‘वनस्पती प्रकाशसंश्लेषण करतात’ हे वाक्य खरं आणि ‘प्राणी श्वसन करतात’ हेही खरं. पण चित्रात एवढे दोनच बाण असतील तर मुलाच्या मनात ‘वनस्पती श्वसन करत नाहीत’ हे पक्कं बसलेलं असू शकतं, आणि कोणताही एक बाण वाचून ते सापडणार नाही. म्हणून सगळी वाक्यं तपासून झाली की मी फक्त चौकटींकडे बघते आणि जिथे बाण असायलाच हवा होता पण नाही, अशा जोड्या शोधते. वनस्पती ते श्वसन ही त्यातली पहिली. दुसरी म्हणजे ऑक्सिजन ते क्रेब चक्र. क्रेब चक्र ऑक्सिजन थेट वापरत नाही, पण ऑक्सिजन नसेल तर साखळी अडते, एनएडीएच मोकळं होत नाही आणि चक्रही थांबतं. ‘क्रेब चक्र ऑक्सिजन वापरते’ हे चूक आणि ‘क्रेब चक्र ऑक्सिजनवर अप्रत्यक्षपणे अवलंबून असते’ हे बरोबर. हा फरक ज्या मुलाला बाणावर लिहिता आला, त्याला हा पाठ समजला असं मी मानते.

वर्गात हे करायचं तर चित्र काढणाऱ्यानेच ते वाचू नये. स्वतःचं चित्र वाचताना मूल मनातलं वाक्य वाचतं, कागदावरचं नाही. शेजाऱ्याला वाचायला द्या आणि त्याने प्रत्येक बाणाचं पूर्ण वाक्य वहीत उतरवायचं, मागच्या वाक्याचा आधार न घेता. ‘आणि मग ते तिथे जाते’ असं वाक्य उतरलं तर समजायचं की बाण एकटा उभा राहत नाही. प्रत्येक वाक्यापुढे तीनपैकी एक खूण: बरोबर, चूक, किंवा ‘केव्हा?’. पंधरा-सोळा वाक्यांना एक तासिका पुरते. गुण देताना चौकटी मोजू नका, बरोबर ठरलेली वाक्यं मोजा. ‘केव्हा?’ला उत्तर देऊन दुरुस्त केलेल्या वाक्यालाही पूर्ण गुण द्या.

संगणकावर करत असाल तर CmapTools मोफत मिळतं आणि त्यातून सगळी विधानं मजकुराच्या यादीत काढता येतात. ती चौकट, बाण, चौकट अशा तीन स्तंभांत येतात. स्प्रेडशीटमध्ये टाकून मधला स्तंभ शेवटी सरकवला की वर सांगितलेल्या मराठी क्रमाने सलग वाचता येतात.

आकडे बाणांवर लिहू देऊ नका. एका ग्लुकोजपासून 38 एटीपी हे बऱ्याच पुस्तकांत असतं, तर आताचा अंदाज 30 ते 32 असा आहे. जुना हिशोब एका एनएडीएचमागे पूर्ण तीन एटीपी धरतो, प्रत्यक्षात ते सुमारे अडीच पडतात. मूल परीक्षेत पुस्तकातला आकडा लिहील, ते ठीक आहे. चित्रात मात्र ‘ऑक्सिश्वसन विनॉक्सिश्वसनापेक्षा कितीतरी जास्त एटीपी देते’ एवढंच लिहायला सांगा, कारण हे वाक्य दोन्ही हिशोबांत खरं ठरतं.