टॅरो सेशननंतरची नोट: तुझ्या मसुद्यावर चार शब्द

प्रिय,

अनेक आशीर्वाद. शाळेची नोकरी सोडून घरी गणिताचे क्लास घ्यावेत का, हे विचारायला आलेल्या बाईंसाठी लिहिलेली तुझी नोट आणि सेशनमधली तुझी टिपणं, दोन्ही वाचली. टिपणं नोटेपेक्षा कितीतरी चांगली आहेत, म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे.

टॅरोची तीन कार्डं निघाली होती. ‘सध्या हातात काय आहे’ या जागी फोर ऑफ पेंटॅकल्स, ‘काय खटकतंय’ या जागी एट ऑफ कप्स आणि ‘कुठे बघायचं’ या जागी थ्री ऑफ पेंटॅकल्स. तिन्ही सरळ. नोटेत तू लिहिलं आहेस, ‘एट ऑफ कप्स सांगतं की जुनं मागे सोडून पुढे जायची वेळ आली आहे.’ पण ते कार्ड सल्ल्याच्या जागी आलंच नव्हतं. खटकणाऱ्या गोष्टीच्या जागी त्या कार्डावरचा पाठमोरा चालणारा माणूस येतो तेव्हा तो ‘निघा’ म्हणत नाही. निघून जाण्याचा विचार मनात कधीचा आणि कशामुळे घोळतोय, एवढंच तो विचारायला लावतो. समोर बसून बोलताना ही चूक लगेच सुधारता येते, कारण क्लायंट भुवया उंचावते आणि आपण वाक्य मागे घेतो. नोटेत तसं होत नाही. ती रात्री एकटीने पुन्हा पुन्हा वाचली जाते, नवऱ्याला दाखवली जाते, आणि तुझं एक सैल वाक्य ‘कार्डांनीच सांगितलंय’ होऊन बसतं. म्हणून प्रत्येक कार्डाच्या नावाआधी त्याची जागा लिहायची. ही सवय लागली की निम्म्या चुका आपोआप टळतात.

आता सारांश. तू प्रत्येक कार्डाचा पुस्तकी अर्थ दिला आहेस: सुरक्षितता, त्याग, सहकार्य. हे त्या बाईंना कुठेही वाचायला मिळेल. तुझ्याकडून त्यांना हवं आहे ते त्या तासाभरात जे घडलं ते. ते चित्रात आणि त्यांच्या बोलण्यात आहे. चित्रकार पामेला कोलमन स्मिथने १९०९ च्या या रायडर-वेट डेकमध्ये आकड्यांच्या छोट्या कार्डांवरसुद्धा पूर्ण प्रसंग काढले, त्याचा फायदा घे. फोर ऑफ पेंटॅकल्समधला माणूस एक नाणं छातीशी कवटाळून बसलाय, एक डोक्यावरच्या मुकुटावर आहे, दोन पायांखाली. पाय उचलल्याशिवाय त्याला उठता येणार नाही. तुझ्या टिपणात आहे की बाई हे बघून हसल्या आणि म्हणाल्या, ‘डोक्यावरचं ते म्हणजे सगळा मोहल्ला मला बाई म्हणतो, ते.’ हे वाक्य नोटेत का नाही? पगार आणि पीएफ पायाखाली, मान डोक्यावर, ही मांडणी त्यांनी स्वतः केली. तुझ्या ‘सुरक्षितता’ या एका शब्दात ती सगळी पुसली गेली.

दुसरं त्याहून मोठं. एट ऑफ कप्समध्ये पेले दोन ओळींत रचलेत, खाली पाच आणि वर तीन, आणि वरच्या ओळीत एक जागा रिकामी दिसते. त्या बाईंनी तिथेच बोट ठेवलं आणि या वर्षी दहावीचा वर्ग त्यांच्याकडून काढून दुसऱ्या शिक्षकांना दिल्याचं सांगितलं. माझ्या मते अख्खं सेशन त्या रिकाम्या जागेभोवती फिरत होतं. प्रश्न क्लासचा म्हणून आला, पण त्यात दुखावलेपणही आहे. मात्र ‘माझ्या मते’ हे शब्द बघ. कार्डात काय दिसतं, क्लायंट काय म्हणाली आणि मला काय वाटलं, ही तीन वाक्यं नोटेत एकमेकांत मिसळायची नाहीत. ‘चित्रात असं आहे’, ‘तुम्ही म्हणालात’, ‘मला असं जाणवलं’, असं उघड लिहायचं, म्हणजे तिसरं त्यांना नाकारता येतं. आणि सेशनमध्ये जे बोललोच नाही ते नोटेत नव्याने घालायचं नाही. घरी गेल्यावर आपल्याला सुचलेला चतुर अर्थ आपल्या वहीतच राहू दे. त्यामुळे दुखावलेपणाबद्दल तू त्यांच्यासमोर काही बोलला नसशील, तर नोटेत फक्त त्यांचं वाक्य येईल, माझं निदान नाही.

नोटेत बाईंना विचार करायला दिलेल्या प्रश्नांकडे येते. तुझा पहिला प्रश्न आहे, ‘तुम्ही स्वतःवर विश्वास ठेवायला कधी सुरुवात करणार?’ हा प्रश्न नाही, सल्ला आहे, वर थोडा टोमणाही. ओळखायची सोपी खूण अशी की उत्तर काय यावं असं तुला वाटतं ते तुला आधीच ठाऊक असेल, तर तो प्रश्न खोडायचा. ‘हो’ किंवा ‘नाही’वर संपणाराही खोडायचा. तुझा दुसरा, ‘तुम्हाला कशाची भीती वाटते?’, कोणत्याही कार्डाखाली चालला असता, म्हणून तो इथे नको. प्रश्न चित्रातून निघाला की त्या तो आठवून स्वतःशी बोलू शकतात.

मी हे तीन लिहिले असते:

‘चार नाण्यांपैकी कोणतं एक सैल सोडलं तरी बाकीची तीन तशीच राहतील?’

‘दहावीचा वर्ग तुमच्याकडेच राहिला असता, तर आज कोणता प्रश्न घेऊन आला असता?’

‘तिसऱ्या कार्डात कारागीर बाकावर उभा राहून काम करतोय आणि शेजारी दोघं जण नकाशा घेऊन त्याच्याशी बोलताहेत. तुमचं शिकवणं स्वतः पाहिलेली अशी दोन माणसं कोण, आणि त्यांना तुम्ही काय विचाराल?’

तीन पुरेत. मधला प्रश्न टोचू शकतो. त्या वर्गाबद्दल त्यांनी स्वतः सांगितलं म्हणूनच तो विचारायचा हक्क आहे. तू अंदाजाने ताडलं असतंस तर नसता. पीएफ किती मिळेल, क्लासला नोंदणी लागते का, हे त्यांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर कार्डांत शोधू नकोस. ‘हे सीएंना विचारा’ एवढी एक ओळ पुरे.

काही किरकोळ गोष्टी. नोट त्याच दिवशी लिही, रात्रभर ठेव, सकाळी वाचून पाठव. फोनच्या दोन स्क्रीनपेक्षा लांब नको. स्प्रेडचा फोटो जोड, पण तुझ्या बाजूने काढलेला. तू पाठवलेला फोटो समोरच्या खुर्चीतून काढल्यामुळे तिन्ही कार्डं उलटी दिसतात, आणि त्या बाई इंटरनेटवर उलट्या कार्डांचे अर्थ शोधत बसतील. व्हॉट्सॲपवर पाठवणार असशील तर शाळेचं नाव, मुख्याध्यापकांचा उल्लेख गाळ. घरात फोन कोण कोण उघडतं हे आपल्याला माहीत नसतं. दहावीच्या वर्गाचा प्रश्नसुद्धा पाठवण्याआधी त्यांना एकदा विचारून घे.

उत्तरात बहुतेक ‘म्हणजे सोडू ना नोकरी?’ असं येईल. आलं तर नवं कार्ड काढू नकोस. तीनपैकी कोणत्या प्रश्नावर त्या अडल्या, तेवढं विचार, आणि पुढचं सेशन त्यांनी तिथून सुरू करायचं की नाही हे त्यांच्यावर सोड.

तुझी,
ताई