अरबी अक्षर शब्दात कुठं आहे त्यापेक्षा तुकड्यात कुठं आहे ते बघा

प्रश्न: अरबी अक्षरं सुटी सगळी येतात, पण जोडायला गेलं की चुकतं. तारीख शब्दात ‘या’ हे अक्षर मधे आहे, तरी शिकवणारे सर म्हणतात सुरुवातीचं रूप काढ. असं का? आणि सराव कसा करायचा?

सर बरोबर सांगतायत. मी बेळगावात डीटीपीचं काम करतो, लग्नपत्रिका, बोर्ड, मराठी कन्नड उर्दू सगळंच येतं हाताखाली, आणि अरबी अक्षरं मी या कामापायीच शिकलो. सुरुवातीला एका पत्रिकेत वरची अरबी ओळ प्रिंट झाली ती सगळी अक्षरं सुटी सुटी आणि उलट्या क्रमाने, कारण त्या जुन्या सॉफ्टवेअरला अक्षरं जोडताच येत नव्हती. मला ते कळलंच नाही. पत्रिका न्यायला आलेल्या चाचांनी बघितल्या बघितल्या ओळखलं, रागावले नाहीत, पण तिथंच बसून कागदावर मला जोडणी दाखवली, ती आजपर्यंत डोक्यात आहे.

त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती हीच की शब्द सोड, तुकडा धर. अरबीत 28 अक्षरं, त्यातली 22 उजवीकडच्यालाही चिकटतात आणि डावीकडच्यालाही. उरलेली सहा म्हणजे अलिफ, दाल, ज़ाल, रा, ज़ाय आणि वाव, ही फक्त उजवीकडच्याला चिकटतात, आपल्या पुढच्याला (म्हणजे डावीकडच्याला, लिहिणं उजवीकडून आहे ना) हात देत नाहीत. त्यामुळे यातलं कुठलंही आलं की तिथं तुकडा संपला, आणि पुढचं अक्षर शब्दाच्या मधोमध असलं तरी नव्या तुकड्याचं पहिलं झालं. पुस्तकात सुरुवातीचं, मधलं, शेवटचं असं जे लिहिलेलं असतं ते या तुकड्यातलं समजायचं.

आता तुमचाच शब्द घेऊ. तारीखमध्ये पाच अक्षरं, ता, अलिफ, रा, या, ख़ा. आधी कागदावर ही सुटी लिहा आणि त्या सहापैकी जे जे दिसेल त्याच्या पुढं पेन्सिलने उभी रेघ मारा. एक रेघ अलिफनंतर, एक रानंतर. झाले तीन तुकडे, ता-अलिफ, रा, या-ख़ा. पहिल्या तुकड्यात ता सुरुवातीचा, म्हणजे नुसता एक छोटा दात आणि वर दोन नुक्ते, त्याला अलिफ चिकटतो, आणि हा चिकटलेला अलिफ खालून वर काढायचा, सुटा अलिफ मात्र वरून खाली. रा एकटाच, मागचा अलिफ त्याला हात देत नाही आणि तो पुढं देत नाही. मग या. शब्दात चौथा, पण तुकड्यात पहिला, म्हणून दात आणि खाली दोन नुक्ते. शेवटी ख़ा चिकटलेला, शेपूट ओळीखाली वळवून, वर एक नुक्ता. नुक्ते तुकड्याचा सांगाडा पूर्ण झाल्यावर टाकायचे, नाहीतर दर अक्षराला पेन उचललं जातं आणि जोड तुटतो.

यातच एक तपासणी आहे. त्या सहापैकी किती अक्षरं आलीत मोजा, शब्दाचं शेवटचं अक्षर धरायचं नाही, त्यात एक मिळवा, तेवढे तुकडे दिसले पाहिजेत. तारीखमध्ये दोन, म्हणून तीन. तुमच्या वहीत दोनच तुकडे दिसत असतील तर रा नाहीतर अलिफ तुम्ही पुढच्याला चिकटवलाय. (हमज़ा आला की हा हिशोब थोडा बदलतो, तो कुणालाच चिकटत नाही, म्हणून सुरुवातीला हमज़ाचे शब्द घेऊ नका.)

उलटीही फसगत होते बघा. सलाम घ्या, सीन, लाम, अलिफ, मीम. मीम शब्दाच्या अगदी शेवटी आहे म्हणून सगळे शेवटचं रूप काढायला जातात. पण आधी अलिफ आहे, तुकडा तिथं संपला, त्यामुळे मीम सुटाच राहतो. आणि याच शब्दात लाम-अलिफ एकत्र येतात, त्यांचा एक ठरलेला जोड आहे, दोन उभ्या रेघा शेजारी शेजारी काढायच्या नाहीत, तो जोड अक्षरासारखा वेगळाच गिरवून घ्या. आपल्याकडं क आणि ष मिळून क्ष होतं ना, तसाच.

सरावाला शब्द आपल्याच बोलण्यातले घ्या, अरबीतून मराठीत आलेले भरपूर आहेत, आणि अर्थ माहीत असला की लक्ष सगळं जोडणीवर राहतं. फक्त ऱ्हस्व स्वर लिहायचे नाहीत एवढं लक्षात ठेवा. वकील म्हणजे वाव, मग काफ-या-लाम एकत्र. दुकान म्हणजे दाल, काफ-अलिफ, आणि नून सुटा. साहेब म्हणजे साद-अलिफ, मग हा-बा.

माझा सगळ्यात आवडता सराव ऐनचा, कारण ऐनइतकं रूप फार थोडी अक्षरं बदलतात, आणि त्याची चारही रूपं आपल्या ओळखीच्या चार शब्दांत मिळतात. अदालतमध्ये तो सुरुवातीला, उघडं तोंड आणि शेपूट नाही. मालूममध्ये मीम आणि लामच्या मध्ये, तिथं तोंड बंद होतं, वरून चपटा छोटा त्रिकोण झाल्यासारखा. जमा, म्हणजे अरबीत जीम-मीम-ऐन, इथं शेवटी चिकटलेला, तोंड बंद आणि खाली मोठं शेपूट. आणि सुरू, मूळ शब्द शीन, रा, वाव, ऐन असा, इथं वाव हात देत नाही म्हणून ऐन एकटा, तोंड परत उघडं आणि शेपूटही आहे. हे चार शब्द एकाखाली एक रोज पाच वेळा लिहा, आठवड्यात हात आपोआप वळायला लागेल. सुटं तोंड उघडं, मागून कुणी चिकटलं की बंद, एवढंच त्यात धरायचं.

अजून एक, दाल आणि रा. चिकटवून लिहिताना दोन्ही सारखेच दिसायला लागतात आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचंच वाचता येत नाही. दाल ओळीवर बसतो, कोपरा करून. रा ओळीखाली घसरतो. म्हणून रेघांच्या वहीतच लिहा, कोऱ्या कागदावर हा फरक राहत नाही.

आपल्या भागातले उर्दू बोर्ड बघून मात्र सध्या सराव करू नका, त्यातली लिपी बहुतेक नस्तालीक वळणाची, अक्षरं तिरपी उतरत येतात. तुमच्या वहीला नस्ख वळण पाहिजे, ओळीवर सरळ चालणारं.

मी इथं अरबी अक्षरं मुद्दाम टाइप केली नाहीत. फोन सगळं आपोआप जोडून देतो, ते बघून उतरवलं तर रेघ कुठं मारायची हे हाताला कधीच कळत नाही. आधी वहीत लिहा, तुकडे मोजा, मग अरबी कीबोर्डवर तोच शब्द टाइप करून मोठा करा आणि शेजारी धरून बघा.