पाळीत संबंध आले तर गर्भ राहतो का?

प्रश्न: पाळी चालू असताना पाचव्या दिवशी संबंध आले, काही वापरलं नव्हतं. दिवस जाऊ शकतात का? माझी पाळी २३ दिवसांनी येते.

उत्तर: हो, जाऊ शकतात, आणि तुमच्या २३ दिवसांच्या चक्रात ही शक्यता सोडून देण्याइतकी लहान नाही. स्त्रीबीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेकींमध्ये साधारण १४ दिवसांचा असतो. चक्र लहान असेल तर दिवस कमी होतात ते प्रामुख्याने बीज सुटण्याआधीचे. म्हणजे २८ दिवसांच्या चक्रात बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटतं, तर तुमच्यात नवव्याच्या. बीज जेमतेम एक दिवस टिकतं, पण शुक्राणू गर्भाशयात आणि नलिकांमध्ये पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे तुमचे धोक्याचे दिवस चौथ्यापासूनच सुरू होतात, तेही अंगावरून जात असताना. रक्ताबरोबर सगळं धुऊन जातं हा निव्वळ गैरसमज.

अर्थात हा अंदाजच. बीज एखाद्या महिन्यात दोन-चार दिवस पुढेमागे सुटतं, म्हणून नुसत्या कॅलेंडरवर विसंबू नका. शिवाय चक्राच्या मधेच थोडं रक्त दिसलं तर ती पाळी असेलच असं नाही. कधी कधी ते नेमकं बीज सुटतानाचं असतं.

संबंधांना ७२ तास झाले नसतील तर मेडिकलमधून लेव्होनॉरजेस्ट्रेलची तातडीची गोळी घ्या, जितकी लवकर तितकी बरी. नाहीतर तीन आठवड्यांनी लघवीची चाचणी करा.