ठिबकच्या व्हिडिओत शेवटच्या ड्रिपरखाली ग्लास धरा

प्रश्न: पुण्यात राहतो, गावाकडच्या शेतकऱ्यांसाठी ठिबक सिंचनाचा माहितीपर व्हिडिओ करतोय. शेतातली प्रात्यक्षिकं आणि पाटपाण्याशी खर्चाची तुलना ग्राफिकमध्ये दाखवायची आहे. नक्की काय दाखवू?

उत्तर: माझा पहिला व्हिडिओ दौंडकडच्या एका उसात केला होता. नळ्यांना पाणी पोचवणाऱ्या सबमेन पाइपजवळच्या ड्रिपरमधून थेंब पडताना अगदी जवळून, संथ गतीत घेतले. गावात दाखवला तर एक आजोबा म्हणाले, "हे झालं तोंडाचं. शेवटच्या नळीचं दाखव की!" त्यांचं खरं होतं. ठिबक फसतं ते शेवटाला.

म्हणून मुख्य प्रात्यक्षिक हे घ्या. सबमेनजवळचा एक ड्रिपर आणि लांबच्या नळीचा शेवटचा ड्रिपर, दोन्हींखाली मापाचे ग्लास ठेवा आणि घड्याळ लावून ३ मिनिटं पाणी धरा. ताशी २ लिटरचा ड्रिपर असेल तर ग्लासात १०० मिली यायला हवं. दोन्ही ग्लास शेजारी ठेवून एकाच फ्रेममध्ये दाखवा. पहिल्यात १००, शेवटच्यात ६० आलं तर शेवटच्या उसाला ४० टक्के पाणी कमी मिळतंय, आणि ठिबकमधून सोडलेलं खतही तेवढंच कमी. मग नळीचं टोक उघडून गढूळ पाणी जाऊ द्या, फिल्टर धुवा आणि तीच मोजणी पुन्हा घ्या. फरक पडला तर कचरा होता. नाही पडला तर दाब कमी आहे, नळी फार लांब आहे किंवा ड्रिपरमध्ये क्षार बसलेत. ही तपासणी शेतकरी दुसऱ्या दिवशी स्वतः करू शकतो.

आणखी एक शॉट सोडू नका: ठिबक बंद झाल्यावर ड्रिपरखाली फावड्याने खड्डा. काळ्या जमिनीत वर हातभर ओलही दिसत नाही, पण खाली ती बाजूला चांगली पसरलेली असते. वरची ओल कमी दिसते म्हणून लोक तास वाढवत नेतात, आणि मुळांना हवा मिळेनाशी होते.

आता ग्राफिक. बहुतेक व्हिडिओत 'विजेची बचत' असा मोठा खांब असतो. महाराष्ट्रात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला २०२४ पासून वीज मोफत आहे, त्यामुळे तो खांब बघून शेतकरी हसतो. त्याला मोजून मिळतात ते विजेचे तास, तेव्हा खांब तासांचे काढा. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. पाटाने एका पाळीला साडेसात सेंटिमीटर पाणी द्यायचं तर ३ लाख लिटर लागतात. पंप ताशी २० हजार लिटर देत असेल तर १५ तास, म्हणजे आठ तासांच्या विजेवर दोन दिवस. ठिबकचा हिशेब असा: दीड मीटरच्या सरीला एकरी २,७०० मीटर नळी, ४० सेंटिमीटरवर ड्रिपर, म्हणजे साधारण ६,७५० ड्रिपर. ते २ लिटरचे असले तर तासाला १३,५०० लिटर. मे महिन्यात रोज ८ मिलिमीटर द्यायचं धरलं तर सुमारे ३२ हजार लिटर, म्हणजे अडीच तासांच्या आत एकर. आठ तासांत आळीपाळीने तीन एकर निघतात. 'एका दिवसाच्या विजेत किती रान भिजेल' हे चित्र त्याला लगेच पटतं.

पैशांची तुलना करताना एकूण किंमत एका वर्षावर टाकू नका. समजा नळ्या २७ हजारांच्या आणि सहा वर्षं टिकल्या, तर वर्षाला ४,५००. फिल्टर, पीव्हीसी, बाकी सामान २४ हजारांचं, बारा वर्षं धरलं तर २,०००. म्हणजे वर्षाला ६,५००. समोरच्या पाटपाण्याच्या खांबात दारं धरायची मजुरी ठेवा. एका पाण्याला दोन दिवस, दिवसाला समजा ४०० रुपये, अशी वीस पाणी धरली तर १६ हजार. हे दर मी नुसते मांडणीसाठी घेतलेत. ज्याच्या शेतात शूट कराल त्याचंच कोटेशन आणि त्याच्याच गावची मजुरी घ्या. ठिबकच्या खांबातही व्हॉल्व्ह फिरवणं, फिल्टर धुणं, क्षार काढायला ॲसिड सोडणं याला काही रक्कम ठेवा. 'ठिबक म्हणजे काही काम नाही' असं दाखवलं की अनुभवी माणूस तिथेच व्हिडिओ बंद करतो.

अनुदान वेगळ्या रंगात दाखवा. अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के, इतरांना ७५ टक्के, पण ते शासनाने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर मिळतं, दुकानदाराच्या बिलावर नाही. बिल मापदंडापेक्षा जास्त असेल तर वरचा फरक पूर्ण खिशातून जातो. हा फरक पट्टीत लाल रंगाने काढा, कारण माझ्या व्हिडिओंखाली सर्वांत जास्त भांडणं याच रकमेवरून झालीत.

शूट सकाळी लवकर ठेवा, दुपारच्या उन्हात ग्लासातली पाण्याची रेघ कॅमेऱ्यात दिसत नाही. आणि त्या दिवशी वीज किती वाजता येते ते आधी विचारून घ्या. आम्ही एकदा पुण्याहून पहाटे निघून पोहोचलो, आणि पाळी रात्रीची होती.