सातपूर, अंबड, सिन्नर: माल थेट पाठवायचा की हबवर गोळा करायचा?

प्रश्न: "आमचे सातपूर, अंबड आणि सिन्नरला शेड आहेत. प्रत्येक शेडमधून भिवंडी, चाकण आणि वाळूजला रोज दीड-दीड टन माल जातो. आत्ता नऊ पिकअप थेट जातात. अंबडला सगळा माल गोळा करून मोठ्या गाड्यांनी पाठवला तर खरंच स्वस्त पडेल का?"

तुमच्या आकड्यांवर पडेल. पण बचत कुठून येते ते कळलं नाही, तर एखाद्या मंद आठवड्यात ती कधी गेली हेही कळणार नाही. म्हणून हिशेब मांडूनच दाखवतो. भाडी मी सोयीसाठी धरली आहेत, तुमच्या ट्रान्सपोर्टवाल्याचे दर घालून पुन्हा करा.

अंतरं ढोबळ घेऊ. अंबड किंवा सातपूरहून भिवंडी १४० किमी, चाकण १८०, वाळूज १८०. सिन्नरहून भिवंडी १७०, चाकण १५०, वाळूज १८०. म्हणजे प्रत्येक शेडच्या तीन फेऱ्या मिळून ५०० किमी, तिन्हींच्या १,५००. पिकअपचं भाडं परतीसह किलोमीटरला २० रुपये धरलं, तर थेट पाठवण्याचा रोजचा खर्च ३०,००० रुपये.

आता अंबडच्याच शेडमध्ये हब करू. तिथून प्रत्येक गावाला साडेचार टन घेऊन १७ फुटी गाडी जाईल, किलोमीटरला ३० रुपये. तीन गाड्यांचे ५०० किमी, म्हणजे १५,०००. लांबचं भाडं निम्म्यावर आलं, आणि बहुतेक जण इथेच थांबून निर्णय घेतात. पुढचा खर्च मोजायचा राहतो. सातपूरचा माल अंबडला आणायची फेरी १,५००, सिन्नरची २,०००. या दोन शेडचा नऊ टन माल हबवर एकदा उतरतो आणि पुन्हा चढतो. हमाली टनाला दोन्ही मिळून ३०० धरली, तर २,७००. अंबडच्या मालाला ही जादा हमाली नाही, कारण तो तिथूनच चढतो. जागा, एक सुपरवायझर आणि बिल्ट्यांचं काम यांचे दिवसाला १,८००. एकूण २३,०००. रोजचे ७,००० वाचले.

आता समजा सिन्नरचा माल एखाद्या दिवशी नाहीच. थेट पाठवायच्या सहा पिकअप, १,००० किमी, २०,००० रुपये. हबच्या तिन्ही गाड्या करारावर आहेत, त्या तीनच टन घेऊन निघतील: १५,०००, सातपूरची फेरी १,५००, हमाली १,३५०, हबचे १,८००. झाले १९,६५०. फरक ३५० रुपयांचा, आणि तेवढ्यासाठी माल हबवर थांबवायचा! म्हणजे तुमचा हब परवडतो तो तिसऱ्या शेडमुळे. गाड्या तशाही जाणारच आहेत, त्यात सिन्नरचा माल टाकायला जादा ३,३५० लागतात आणि तोच थेट पाठवला तर १०,०००.

सिन्नरबद्दलच आणखी एक. चाकणची गाडी पुणे रस्त्याने सिन्नरवरूनच जाते, तर तिथला चाकणचा माल आधी उलटा अंबडला आणायचा आणि पुन्हा त्याच रस्त्याने न्यायचा हे पटत नाही. म्हणून तो वेगळ्या पिकअपने थेट पाठवावा असं वाटेल, पण त्याचे ३,००० रुपये होतात. बाकीच्या दोन गावांच्या मालासाठी सिन्नर-अंबड फेरी लागणारच, त्यामुळे हबवर वाचते ती फक्त दीड टनाची हमाली, ४५० रुपये. त्यापेक्षा अंबडहून तीन टन घेऊन निघालेली गाडी सिन्नरच्या गेटवर थांबवा आणि तिथला माल तिच्यातच भरा. अट एवढीच की माल पॅक होऊन, बिल्टी तयार होऊन गेटवर असला पाहिजे. गाडी खोळंबली तर ट्रान्सपोर्टवाला थांबण्याचे पैसे लावतो आणि ते ४५० तिथेच जातात.

हबची खरी दुखरी बाजू वेळेची आहे. थेट पिकअप भरली की निघते. हबची गाडी सर्वात उशिरा आलेल्या मालासाठी थांबते. सिन्नरची फेरी संध्याकाळी उशिरा आली की भिवंडीची गाडी कसारा घाटात उशिरा पोचते आणि ग्राहकाची सकाळची माल घ्यायची वेळ हुकते. म्हणून हबवर माल घ्यायची शेवटची वेळ ठरवा आणि ती पाळा. उशिरा आलेला माल दुसऱ्या दिवशीच्या गाडीत. आज तातडीचाच असेल तर तेवढ्या मालाला थेट पिकअप करा, तिचा खर्च वेगळा लिहून ठेवा. असे खर्च आठवड्याला ४०,००० च्या आसपास जाऊ लागले, तर सहा दिवसांची तुमची ४२,००० ची बचत संपत आली असं समजा.

एखादी वाट स्वतःच मोठी झाली, उदाहरणार्थ सातपूरहून एकट्या चाकणला रोज साडेचार टन जाऊ लागले, तर ती हबमधून काढा. हबवरून नेली तरी तिला वेगळी १७ फुटी लागणारच, वर १,३५० ची हमाली फुकट.

सुरुवातीला महिनाभर प्रत्येक गाडीचं निघतानाचं वजन काटा-पावतीवरून वहीत उतरवा, गावानुसार. वाळूजची गाडी वारंवार तीन टनांवर निघताना दिसली, तर त्या गावापुरता हा हिशेब पुन्हा मांडा.